नमुना पोचला, पुढे काय?

कुठल्याही बऱ्यापैकी चालणाऱ्या किराणा दुकानात गल्ल्याखालचा खण उघडून बघा. दोन-चार नमुन्याची पाकिटं तिथे पडलेली असतात. कुणीतरी मसाल्याची पुडी दिलेली, कुणी नाचणीच्या बिस्किटांचा पुडा, कुणी सरबताची छोटी बाटली. कुणी दिलं, कधी दिलं, दर काय सांगितला होता, हे मालकाला आठवत नाही. पाकिटावर फोन नंबर असतो, पण आपणहून फोन करून ‘तुमचा माल पाठवा’ असं सांगणारा दुकानदार विरळा. पाठवणारा तिकडे म्हणत असतो की पन्नास दुकानांत नमुने दिले, सगळ्यांना चव आवडली, तरी ऑर्डर एकही आली नाही.

चव आवडलेली असतेच. ऑर्डर अडते ती दुसऱ्याच कारणांनी. दुकानदार माल खाण्यासाठी घेत नाही, विकण्यासाठी घेतो. त्याच्याकडे फळीवरची जागा मोजकी आणि फिरवायचा पैसाही मोजका. नवा माल आला की त्याचे प्रश्न ठरलेले असतात: मला कितीला पडणार, किती सुटणार, किती दिवसांत खपेल, आणि नाही खपला तर काय करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तो ‘बघू, पुढच्या आठवड्यात फोन करा’ असंच म्हणत राहतो.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, सोलापुरातला एक छोटा उत्पादक आहे. उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगा चटणी तो बनवतो आणि ती गावात चांगली चालते. आता त्याने तीळ, जवस आणि कारळ्याची चटणीही सुरू केली आहे, आणि हे चार प्रकार त्याला पुण्यातल्या किराणा दुकानांत न्यायचे आहेत. मध्ये डिस्ट्रिब्युटर नाही. माल थेट दुकानात जाणार आहे. पुढचे सगळे आकडे या उदाहरणापुरते मांडलेले आहेत, पण हिशोबाची रीत खरी आहे.

पहिलं काम दर ठरवण्याचं. नवखे उत्पादक इथे खर्चापासून वर चढत जातात: मला तीस रुपये खर्च आला, दहा मी ठेवले, उरलेलं दुकानदाराने बघावं. हे उलट करायला हवं. गिऱ्हाईक १०० ग्रॅम चटणीला किती देईल, तिथून सुरुवात करून खाली उतरायचं. समजा एमआरपी ६० रुपये ठरली. ती सगळ्या करांसह असते. दुकानदाराला पाकीट ४८ रुपयांना पडेल, तेही जीएसटीसह. म्हणजे त्याला एका पाकिटामागे १२ रुपये सुटतात. हे १२ रुपये एमआरपीवर मोजले तर २० टक्के होतात आणि खरेदीवर मोजले तर २५. ‘पंचवीस टक्के मार्जिन आहे’ असं सांगून आलेला माणूस आणि एमआरपीतून टक्केवारी वजा करणारा दुकानदार यांची पहिल्याच बिलावर तंटा होण्याची शक्यता इथे असते. तेव्हा टक्के सांगूच नयेत, रुपये सांगावेत. ‘साठची एमआरपी, अठ्ठेचाळीसला देतो, पाकिटाला बारा सुटतात’ यात गैरसमजाला जागा राहत नाही.

दर ठरवतानाच पुढच्या डिस्ट्रिब्युटरचाही विचार करावा. आज माल थेट जातो म्हणून दुकानदाराला ४५ रुपयांचा भाव दिला, आणि वर्षभराने पुण्यात डिस्ट्रिब्युटर नेमायची वेळ आली, तर त्याला द्यायला जागाच उरत नाही. दुकानदाराला एकदा दिलेला भाव नंतर वाढवता येत नाही. तो वाढवायला गेलं की माल फळीवरून खाली येतो.

आता नमुना. तो कशासाठी पाठवायचा? चवीसाठी, हे झालंच. पण अनुभवी दुकानदार पाकीट हातात आलं की आधी उलटं करतो आणि तारीख बघतो. मग वजन, एमआरपी, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. नंतर पाकीट दाबून बघतो. चव शेवटी, आणि बऱ्याचदा घरी नेऊन. म्हणून वहीच्या कागदात बांधलेली किंवा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली चटणी हा नमुना होत नाही. जे पाकीट उद्या विकायचं आहे, तेच आज हातात पडलं पाहिजे. त्यावर शेंगदाण्याची सूचनाही हवी, कारण शेंगदाणे हा लेबलवर जाहीर करावा लागणाऱ्या ॲलर्जीकारक पदार्थांपैकी एक आहे. बारकोडची गोष्ट थोडी वेगळी. गल्लीतलं दुकान त्यावाचून अडत नाही, पण संगणकावर बिल करणारं मोठं दुकान पहिला प्रश्न त्याचाच विचारतं.

चारही प्रकारांची पूर्ण पाकिटं प्रत्येक दुकानाला पाठवायची ऐपत छोट्या उत्पादकाची नसते आणि तशी गरजही नाही. शेंगा चटणीचं १०० ग्रॅमचं एक पूर्ण पाकीट आणि बाकी तिन्ही चटण्यांच्या २० ग्रॅमच्या पुड्या एवढं पुरतं. पूर्ण पाकिटातून लेबल, वजन आणि सील कळतं, पुड्यांतून चव. सगळ्यांवर ‘नमुना – विक्रीसाठी नाही’ असा ठसा मारावा. दुकानात काम करणारा मुलगा पाकीट चुकून फळीवर लावत नाही, आणि हिशोबातही ते वेगळं राहतं.

चटणीच्या नमुन्याचा खरा शत्रू तेल. शेंगा, तीळ, जवस, कारळे ही सगळी तेलबियांची मंडळी. कुटताना सुटलेलं तेल हीच सोलापुरी चटणीची ओळख, आणि तेच तेल पाकिटाच्या तोंडाशी लागलं की सील धरत नाही. यंत्रातून निघताना पाकीट पक्कं दिसतं. दोन दिवस बसच्या टपावर किंवा कुरिअरच्या गोण्यांखाली दबलं की कोपऱ्यातून तेल पाझरतं आणि दुकानदाराच्या हाती तेलकट खोका पडतो. तो खोका तो गिऱ्हाइकांसमोर उघडणारही नाही. याची परीक्षा सोपी आहे. भरलेली दहा पाकिटं पांढऱ्या कागदावर आडवी ठेवायची, वर पाच किलोचा तांदळाचा डबा ठेवायचा आणि रात्रभर तसंच सोडायचं. सकाळी कागदावर कुठे डाग दिसला तर ते पाकीट काढून त्याची शिवण बघायची. बहुतेक वेळा शिवणीत चटणीचा एखादा कण अडकलेला सापडतो. भरताना नरसाळं थोडं खाली न्यायचं आणि सील करण्याआधी तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसायचं, एवढ्याने बराच फरक पडतो.

दुसरी अडचण खवटपणाची. हवा, ऊन आणि उष्णता लागली की तेल खवट होतं, आणि जवस कुटल्यावर यात सगळ्यांच्या पुढे असतो. त्यामुळे चारही चटण्यांना एकच मुदत छापणं हा आळस आहे. आपल्या उदाहरणात शेंगा, तीळ आणि कारळ्याची मुदत तीन महिने धरू आणि जवसाची दोन. ही मुदतही अंदाजाने छापायची नसते. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट राखून ठेवायचं आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघायचं, तेव्हा ती कळते. मे महिन्यात पाठवलेल्या मालाला डिसेंबरचा अनुभव लावून चालत नाही.

आता पाठवणी. सोलापूरहून पुण्याला एसटीचं पार्सल जातं, खाजगी बसवाले नेतात, कुरिअर आहे, स्पीड पोस्ट आहे. एसटीने पाठवलं तर पार्सल स्वस्तात आणि लवकर स्टँडवर पोचतं, पण दुकानदाराने दुकान सोडून ते आणायला जायचं, ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. नमुना दारात पोचला पाहिजे. आधी ऑर्डर देऊन बसलेल्या, ओळखीच्या दुकानदाराची गोष्ट वेगळी.

कुरिअरचा खर्च वजनावर असतो असं आपण समजतो. तो वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर असतो. सर्रास वापरली जाणारी रीत अशी: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. येतं ते ‘आकारमानाचं वजन’, किलोमध्ये. आपल्या नमुन्याची चटणी सगळी मिळून १६० ग्रॅम. घरात पडलेल्या ३० बाय २० बाय १५ च्या खोक्यात ती भरली, तर गुणाकार ९००० येतो, म्हणजे १.८ किलो, आणि पैसे बहुधा दोन किलोचे द्यावे लागतात. तीच चटणी २० बाय १५ बाय ८ च्या खोक्यात बसली तर गुणाकार २४००, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. पंचवीस पार्सलं पाठवणाऱ्याला हा फरक खिशाला जाणवतो. आतल्या पाकिटांभोवती वर्तमानपत्राचा जाड थर द्यावा, खोक्यावर दोन बाजूंना पत्ता लिहावा आणि मालकाचं नाव लिहावं. नुसतं दुकानाचं नाव लिहिलं तर पार्सल काउंटरवरचा पोरगा घेतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो.

वार आणि तारीख यांनाही महत्त्व आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार होतात आणि घराघराचा महिन्याचा किराणा भरला जातो. त्या दिवसांत मालकाला मान वर करायला वेळ नसतो. तेव्हा पोचलेला नमुना थेट गल्ल्याखालच्या खणात जातो. दहा तारखेनंतर गर्दी ओसरते. बारा-तेरा तारखेला नमुना पोचला, चौदा-पंधराला बोलणं झालं आणि पंचवीसच्या आसपास माल फळीवर लागला, तर पुढच्या महिन्याच्या गर्दीत तो गिऱ्हाइकांच्या नजरेत येतो. शनिवारी पार्सल टाकू नये, रविवार गोदामात जातो. दुकानाची आठवड्याची सुट्टी कधी, हेही आधी विचारून घ्यावं.

नमुन्याच्या आधी दुकानदाराला कळलं पाहिजे की काही येणार आहे. त्यासाठी एक छोटं पत्र पुरतं. छापील पाठवा नाही तर व्हॉट्सॲपवर, पण एका नजरेत वाचून होईल इतकंच हवं. आपल्या उत्पादकाचं पत्र असं असू शकेल:

सप्रेम नमस्कार.

आम्ही सोलापुरात उखळात कुटलेली शेंगा चटणी तयार करतो. आता तीळ, जवस आणि कारळ्याची चटणीही सुरू केली आहे. प्रत्येक पाकीट १०० ग्रॅमचं. एमआरपी ६० रुपये, तुम्हाला ४८ रुपये, जीएसटीसह. १२ पाकिटांचा बॉक्स ५७६ रुपये.

मंगळवारी तुमच्या नावाने कुरिअरने नमुना पाठवत आहोत, गुरुवारपर्यंत पोचेल. त्यात शेंगा चटणीचं एक पूर्ण पाकीट आणि बाकी तीन चटण्यांच्या २० ग्रॅमच्या पुड्या आहेत. नमुन्याचे पैसे नाहीत आणि ऑर्डर द्यायलाच हवी असंही नाही.

पहिल्या ऑर्डरला: एक बॉक्स घ्या, शेंगा चटणीची दोन पाकिटं जादा. पाठवणीचा खर्च आमचा. माल मिळाल्यापासून ३० दिवसांत जी पाकिटं खपली नाहीत ती सीलबंद असतील तर दुसऱ्या चटणीच्या ताज्या पाकिटांशी बदलून देऊ. ही सोय एका दुकानाला एकदाच, महिनाअखेरपर्यंत.

शुक्रवारी दुपारी चारनंतर फोन करतो.

आपला, अमुक

या पत्रात आजीच्या हाताची चव नाही, परंपरेचा वारसा नाही, ‘आरोग्यदायी’ हा शब्दही नाही. तो मजकूर गिऱ्हाइकासाठी पाकिटावर छापावा. दुकानदाराला तो सांगून काही हाती लागत नाही. त्याला लागणारे आकडे मात्र पहिल्या परिच्छेदातच आले आहेत.

पार्सल निघालं की आणखी एक ओळ पाठवायची: ‘आज पार्सल निघालं, कुरिअरचं नाव हे, पावती नंबर हा.’ सोबत खोक्याचा फोटो. फोटोचा उपयोग असा की गुरुवारी खोका आला तेव्हा काउंटरवरच्या मुलालाही तो ओळखू येतो. आणि शुक्रवारी सांगितल्याप्रमाणे फोन करायचा. नमुना पोचल्यावर दोन दिवसांच्या आत बोलणं झालं नाही तर पाकीट खणात जातं. सकाळी अकराला फोन करू नये, संध्याकाळी सातला तर नाहीच. पुण्यात दुपारी एक ते चार या वेळेत काय करू नये, हे सांगायची गरज नाही.

फोनवर बोलणं साधारण असं होतं:

“काका, नमस्कार. सोलापूरची चटणी पोचली का?”

“हो, आलीय. बायकोला आवडली. पण आमच्याकडे शेंगा चटणीचे दोन ब्रँड आहेत ऑलरेडी.”

“मग शेंगा कमी ठेवू. कारळ्याची, जवसाची कुणाची आहे का तुमच्याकडे?”

“ती नाही. पण कारळ्याची मागतं कोण? एखाद-दुसरं म्हातारं माणूस.”

“बॉक्समध्ये दोनच पाकिटं ठेवतो कारळ्याची. नाही गेली तर बदलून घेऊ.”

“पैसे विकल्यावर.”

शेवटचं वाक्य येणारच. त्याचं उत्तर आधी ठरवून ठेवलेलं असावं. ‘विकल्यावर पैसे’ याला एकदा हो म्हटलं की तो माल दुकानदाराचा राहत नाही, आपला होतो. त्याचा पैसा गुंतलेला नसल्यामुळे तो पाकिटं मागच्या फळीवर लोटतो. पाचशे शहात्तर रुपये रोख देऊन घेतलेला बॉक्स मात्र तो काउंटरवर ठेवतो, कारण ते पैसे त्याला सोडवायचे असतात. म्हणून पहिली ऑर्डर छोटी ठेवावी, पण रोखीने. अदलाबदलीची हमी द्यावी, उधारी देऊ नये. मोठ्या दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये हे चालत नाही, तिथे उधारीची मुदत ठरलेली असते. त्यांच्याकडे पहिल्याच फेरीत जाऊ नये हे बरं.

आता या सवलतीचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडू. दुकानदार ५७६ रुपये देतो आणि त्याच्याकडे १४ पाकिटं येतात. सगळी विकली तर ८४० रुपये, म्हणजे २६४ सुटले. त्याला जास्त भावणारी गोष्ट वेगळी आहे: दहावं पाकीट विकलं की ६०० रुपये जमा झाले आणि त्याचे पैसे सुटले. ‘दहा विका, पैसे मोकळे, उरलेली चार तुमची’ हे गिऱ्हाईक समोर उभं असतानाही त्याच्या डोक्यात बसतं. याउलट ‘पहिल्या ऑर्डरवर १५ टक्के सूट, दोन बॉक्सवर १८, सात दिवसांत पैसे दिले तर आणखी २’ अशी योजना दिली, तर तो हिशोब करायला कागद शोधतो आणि मग विषय सोडून देतो.

उत्पादकाच्या बाजूने पाहिलं तर जादा दोन पाकिटांचा त्याचा खर्च ६० रुपये, आणि दुकानदाराला ती १२० रुपयांची वाटतात. तेवढाच फायदा रोख सवलतीतून द्यायचा म्हटलं तर १२० रुपयेच सोडावे लागले असते. शिवाय रोख सूट दिली की पाकिटाचा भाव दुकानदाराच्या डोक्यात ३८ रुपये होऊन बसतो आणि दुसऱ्या ऑर्डरला ४८ म्हटलं की महागलं असं वाटतं. जादा पाकिटं दिली तर भाव ४८ चाच राहतो.

जादा दोन पाकिटं शेंगा चटणीचीच का? कारण तीच सगळ्यात जास्त खपते. बॉक्समध्ये शेंगाची सहा, बाकी तिन्हींची दोन-दोन, आणि वर शेंगाची दोन. काकांसारख्या दुकानदाराला यातली काही बदलून हवी असतील तर द्यावीत. पण न खपणारा प्रकार फुकटात गळ्यात मारला की दुकानदार ओळखतो. तारीख जवळ आलेली पाकिटं फुकट म्हणून दिली तर तो त्याहून लवकर ओळखतो, आणि त्या दुकानात पुन्हा पाय ठेवायची सोय राहत नाही. चौदाही पाकिटं एकाच ताज्या घाण्यातली हवीत.

अदलाबदलीची मुदत ३० दिवसच का, याचं उत्तर जवसात आहे. जवसाची मुदत दोन महिने. माल बनून दुकानात पोचायला आठवडा गेला, तीस दिवस फळीवर राहिला, परत यायला आणखी चार-पाच दिवस. तोवर चाळीस दिवस उलटलेले असतात. साठ दिवसांची हमी दिली असती तर हातात मुदत संपलेला मालच आला असता. परत आलेली पाकिटं दुसऱ्या दुकानाला पाठवू नयेत, कितीही सीलबंद दिसली तरी. ती उन्हात होती की गारव्यात, हे आपल्याला माहीत नसतं. दोन-तीन फोडून खाऊन बघावीत. चव बिघडलेली निघाली तर मुदत छापताना आपलंच काही चुकलं आहे, हे त्यावरून कळतं.

पैसे परत देण्याऐवजी पाकिटाला पाकीट बदलून देण्याचं एक कारण हिशोबाचं आहे. दुकानदाराने १४ पाकिटांना ५७६ रुपये दिले, म्हणजे एक त्याला साधारण ४१ रुपयांना पडलं. त्याने पाच परत केली आणि आपण ४८ च्या दराने पैसे दिले तर फुकट दिलेल्याचेही पैसे मोजले. ४१ ने दिले तर तो म्हणणार, बिलावर तर ४८ लिहिलंय. पाकिटाला पाकीट दिलं की वाद मिटतो. एखाद्या दुकानात काहीच खपलं नाही, तर अख्खा माल उचलून ५७६ रुपये परत करावेत आणि त्या दुकानाचं नाव यादीतून काढावं.

कागदपत्रांबद्दल थोडं. जीएसटीची नोंदणी असेल तर नमुना आणि जादा पाकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७ मार्च २०१९ च्या जीएसटी परिपत्रकात त्याचा खुलासा आहे. विनामूल्य नमुना हा पुरवठा धरला जात नाही, पण त्यासाठी घेतलेल्या मालावरच्या कराची वजावटही मिळत नाही. खरेदीबरोबर दिलेल्या जादा पाकिटाची स्थिती निराळी: एकाच किमतीत जास्त नग दिले असं ते धरलं जातं आणि वजावट शाबूत राहते. म्हणून नमुने साध्या चलनावर आणि वहीत स्वतंत्र नोंदीने पाठवावेत. जादा दोन पाकिटं मात्र बॉक्सच्या बिलावरच, ‘१२ + २’ अशी दाखवावीत. बिलावरच ‘पहिल्या ऑर्डरची सोय’ हे शब्द लिहावेत. दुसऱ्या वेळी “दोन जादा कुठे आहेत?” असा प्रश्न आला तर दाखवायला काही हातात असतं.

एका दुकानाला एकच बॉक्स, ही अटही पाळावी. एखादा मोठा दुकानदार म्हणतो, पाच बॉक्स घेतो, दहा पाकिटं जादा द्या. ऐकायला बरं वाटतं. पण नवा माल महिन्याला पंधरा पाकिटं खपेल की पन्नास, हे त्यालाही ठाऊक नसतं. सत्तर पाकिटं फळीवर खवट होत पडली की त्याच्या गिऱ्हाइकाला आपली ओळख त्या वासाने होते.

शेवटी एकूण खर्च. एका नमुन्याची चटणी आणि पुड्या ५४ रुपये, कुरिअर ७०, खोका आणि बांधणी १६, असे १४० धरू. पंचवीस दुकानांचे ३५०० झाले. बॉक्सच्या ५७६ रुपयांतून ५ टक्के कर वजा केला तर साधारण ५४९ उरतात. चौदा पाकिटांचा खर्च ४२० आणि पाठवणी ४० वजा जाता पहिल्या बॉक्सवर ८९ रुपये मिळतात. दुसऱ्या बॉक्सपासून बाराच पाकिटं द्यायची, म्हणून १४९. पंचवीसपैकी दहा दुकानांनी पहिला बॉक्स घेतला तर ८९० रुपये झाले. त्यातल्या सात दुकानांनी पुढे घेत राहिलं तर दर फेरीला १०४३. या हिशोबाने नमुन्यांचे ३५०० रुपये भरून निघतात ते चौथ्या बॉक्सला. त्याआधी जे दिसतं तो नफा नाही.

म्हणून शंभर दुकानांना नमुने उधळण्यापेक्षा पंचवीस निवडावीत. ज्यांच्याकडे लोणची-पापडांची वेगळी फळी आहे, ज्यांच्या आसपास सोलापूर, धाराशिव, लातूरकडची वस्ती आहे, तिथे कारळ्याची चटणी मागणारं एखाद-दुसरं माणूस नसतं, बरीच असतात. प्रत्येक दुकानापुढे वहीत पाच रकाने आखा: नमुना कधी पोचला, फोन कधी झाला, पहिला बॉक्स, बदलून काय घेतलं, दुसरा बॉक्स. पहिले चार रकाने भरले म्हणून हुरळून जाऊ नका. जादा पाकिटांशिवाय, पूर्ण ४८ रुपयांच्या भावाने दुसरा बॉक्स ज्यांनी मागितला, तेवढीच दुकानं तुमची धरा, आणि पुढचा माल त्यांच्या आकड्यावर बनवा.